ज्योत ज्योतीला धरत नाही

चीनच्या ‘यिजिंग’ या प्राचीन ग्रंथात, जो आपल्याकडे ‘आय चिंग’ या नावाने ओळखला जातो, चौसष्ट षड्रेखा आहेत. प्रत्येक षड्रेखा म्हणजे खालून वर रचलेल्या सहा आडव्या रेघा. काही अखंड, काही मध्ये तुटलेल्या. तिसाव्या षड्रेखेचं नाव ली. जर्मन धर्मोपदेशक रिचर्ड विल्हेल्म यांनी छिंगदाओ शहरात चिनी पंडितांच्या सोबतीने या ग्रंथाचं भाषांतर केलं. ते 1924 मध्ये छापून आलं आणि त्यात या षड्रेखेची ओळख ‘चिकटून राहणारा, अग्नी’ अशी दिली होती. युरोपात आणि पुढे आपल्याकडेही ती त्याच अर्थाने रुळली.

एकमेकांवाचून ज्यांचं पान हलत नाही अशा दोन माणसांबद्दल कौल मागितला आणि ली आली, की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात. चिकटून राहा, सोडू नका, असंच ग्रंथ सांगतोय असं त्यांना वाटतं. माझ्या मते हे वाचन घाईचं आहे. षड्रेखेची रचना नीट पाहिली तर ती जवळजवळ याच्या उलट बोलते.

आधी रचना पाहू. ली दोन त्रिरेखांची बनते, आणि दोन्ही त्रिरेखा अग्नीच्याच आहेत. वर-खाली अखंड रेघ, मध्ये तुटलेली. अखंड रेघ यांग, म्हणजे ठाम. तुटलेली यिन, म्हणजे मऊ, दुसऱ्याला जागा देणारी. म्हणजे पहिली, तिसरी, चौथी आणि सहावी रेघ अखंड, तर दुसरी आणि पाचवी तुटलेली. बाहेर तेज आणि आत पोकळी, अशी ही ज्योत आहे. अग्नीला स्वतःचा देह नसतो. वात, लाकूड, तेल असं काहीतरी धरल्याशिवाय तो दिसतही नाही. जुन्या भाष्यात हाच मुद्दा सूर्य-चंद्राने आकाशाला आणि धान्य-वनस्पतींनी मातीला धरून राहण्याच्या प्रतिमेतून मांडला आहे.

आता खरी गंमत इथे आहे. भाष्यकार रेघांच्या जोड्या लावतात. पहिलीची चौथीशी, दुसरीची पाचवीशी, तिसरीची सहावीशी. जोडीतली एक अखंड आणि एक तुटलेली असेल तर त्या एकमेकींना प्रतिसाद देतात असं मानलं जातं. तिसऱ्या शतकात अवघं तेवीस वर्षांचं आयुष्य लाभलेल्या वांग बीने याच प्रतिसादाच्या आधाराने षड्रेखा उलगडून दाखवल्या. ली या कसोटीवर लावून पाहा. पहिली आणि चौथी दोन्ही अखंड, दुसरी आणि पाचवी दोन्ही तुटलेल्या, तिसरी आणि सहावी पुन्हा अखंड. एकही जोडी जुळत नाही. एकच त्रिरेखा दोनदा आली की असं व्हायचंच. पण दोन माणसांचा प्रश्न समोर असताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. खालचा अग्नी वरच्या अग्नीला धरून नाही, वरचा खालच्याला धरून नाही. प्रत्येक तुटलेली रेघ टेकली आहे ती आपल्याच बाजूच्या दोन अखंड रेघांना.

म्हणून ली आल्यावर पहिला प्रश्न ‘हे दोघं एकत्र राहतील का’ हा नाही. यातला प्रत्येक जण कशाच्या आधारावर जळतोय, हा पहिला प्रश्न. एकाचं इंधन दुसराच असेल तर दुसरा हळूहळू जळून संपतो. दोघांनाही स्वतःचं इंधन असेल तर उजेड दुप्पट होतो. या षड्रेखेच्या मुख्य वचनात गाय पाळण्याचा सल्ला आहे आणि त्यात शुभ सांगितलं आहे. विल्हेल्म आणि बरेचसे चिनी टीकाकार गाय म्हणजे सौम्यता, ऐकून घेण्याची वृत्ती असा अर्थ लावतात. तो बरोबरच आहे, पण मला त्यातला रोजचा चारा जास्त महत्त्वाचा वाटतो. गाय एकदा आणून बांधली की काम संपलं असं होत नाही.

दुसऱ्या आणि पाचव्या रेघेतला फरकही इथे फार बोलका आहे. दोन्ही तुटलेल्या, दोन्ही आपापल्या त्रिरेखेच्या मधोमध. पण परंपरेने सम क्रमांकाची जागा यिनची आणि विषम क्रमांकाची यांगची ठरवली आहे. दुसरी रेघ स्वतःच्या जागी बसली आहे. तिचं वचन पिवळ्या उजेडाचं आणि अतिशय शुभ आहे. पाचवी परक्या जागी, अधिकाराच्या आसनावर बसली आहे. तिच्या वाट्याला अश्रूंच्या धारा आणि उसासे येतात, तरी शेवटी शुभच सांगितलं आहे. एकमेकांवर विसंबलेल्या जवळपास प्रत्येक जोडीत हे दोघं सापडतात. एकाला अवलंबून राहणं सहज जमतं. दुसऱ्याला ते सलतं, कारण कर्तेपणाची खुर्ची त्याची आणि हात मात्र रिकामे.

षड्रेखेच्या पोटात आणखी एक षड्रेखा दडलेली असते. हान काळापासूनचे टीकाकार दुसरी-तिसरी-चौथी आणि तिसरी-चौथी-पाचवी अशा रेघा घेऊन ती काढतात. लीच्या पोटातून निघते अठ्ठाविसावी, आणि तिची प्रतिमा आहे भाराने वाकलेल्या आढ्याची. बाहेरून लख्ख उजेड, आत वाकलेलं आढं. कुणाच्या तरी आधाराने चाललेल्या घराचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अग्नी आणि गुरं यांचं नातं जुनं आहे, आणि त्याची काळी बाजूही. ‘झुओझुआन’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात लू राज्यातल्या शूसुन मूझी या सरदाराची हकिकत येते. तो जन्मला तेव्हा वडिलांनी यिजिंगचा कौल घेतला होता. आली होती छत्तिसावी षड्रेखा, जिच्यात अग्नी जमिनीखाली गेलेला आहे. भविष्यवेत्त्याने भाकीत केलं की मुलगा परदेशी जाईल आणि परत येईल, पण चहाडखोर माणूस घरात शिरेल, त्याचं नाव ‘बैल’ असेल आणि मुलगा अखेर उपासमारीने मरेल. बैल का, तर शुद्ध ली म्हणजे गुरं, असं त्याने कारण दिलं. पुढे मूझीने वाटेत भेटलेल्या एका बाईपासून झालेल्या मुलाला जवळ केलं. त्याचं नाव न्यू, म्हणजे बैल. न्यूच्या हाती घर गेलं. मूझी आजारी पडल्यावर न्यूने कुणाला भेटू दिलं नाही. येणारं जेवण बाहेरच्या खोलीत ठेवायला लावलं, भांडी रिकामी केली आणि परत पाठवली. इ. स. पू. 538 मध्ये मूझी उपाशी मेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ताटापर्यंतची वाट एकाच माणसाच्या हातातून जात होती. ली वाचताना मी ही हकिकत नेहमी आठवते, कारण चारा कोण घालतो आणि तो बंद करायची सत्ता कोणाकडे आहे, हे तिथे उघडं पडतं.

आता एक उदाहरण धरून वाचून पाहू. समजा एक वयस्क जोडपं आहे. काचबिंदूने नवऱ्याची नजर जवळजवळ गेली आहे. तो बायकोचा हात धरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पैशाचा सगळा हिशेब मात्र त्याच्या डोक्यात. बायकोने आजवर बँकेचं एकही काम एकटीने केलेलं नाही. प्रश्न बायको विचारते आहे. ‘आमचं कसं होईल’ असा प्रश्न फार मोघम होतो. ‘ते माझ्याबद्दल काय विचार करतात’ हेही विचारू नये. दुसऱ्याच्या मनात डोकावायला हा ग्रंथ नाही. ‘आमच्या या एकमेकांवरच्या आधाराबद्दल मी काय पाहायला हवं’ हा प्रश्न बरा.

तीन नाणी सहा वेळा टाकायची. छाप्याला तीन, काट्याला दोन. बेरीज सात आली तर स्थिर अखंड रेघ, आठ आली तर स्थिर तुटलेली. नऊ म्हणजे बदलणारी अखंड, सहा म्हणजे बदलणारी तुटलेली. रेघा खालून वर लिहायच्या. समजा तिला आलं 7, 8, 9, 7, 8, 7. ही ली झाली आणि तिसरी रेघ बदलणारी. जुन्या पद्धतीत नाण्यांऐवजी यॅरो वनस्पतीच्या 49 काड्या मोजतात. तिथे अखंड रेघ बदलण्याची शक्यता आठात तीन, तुटलेली बदलण्याची आठात एकच. नाण्यांत दोन्ही सारख्याच, चारात एक. म्हणजे लीमधल्या दोन मऊ रेघा काड्यांनी घेतलेल्या कौलात क्वचितच हलतात.

एकच रेघ बदलत असेल तर त्या रेघेचं वचन मुख्य धरावं, असा बाराव्या शतकातल्या जू शीचा नियम आहे. तिसरी रेघ मावळत्या सूर्याची आहे. खालचा अग्नी इथे संपतो आणि वरचा अजून सुरू झालेला नसतो. वचनात मातीचं भांडं वाजवून गाण्याचा आणि म्हातारपणाच्या विलापाचा उल्लेख आहे, आणि निकाल अशुभ आहे. इथे टीकाकारांत दुमत आहे. विल्हेल्मच्या मते गाणं आणि विलाप ही दोन्ही टोकं वाईट. जू शीच्या मते भांडं म्हणजे घरातली रोजची वस्तू. रोजच्या जगण्यात जो समाधान मानू शकत नाही त्याच्या वाट्याला विलापच येतो. या बाईच्या प्रश्नाला मला जू शीचं वाचन जास्त लागू पडतं. खालची त्रिरेखा प्रश्न विचारणाऱ्याची आणि वरची समोरच्याची, असं बरेच जण धरतात. तसं धरलं तर संध्याकाळ नवऱ्याच्या डोळ्यांत आहे असं सगळ्यांना वाटत असलं, तरी कौल तिच्या संध्याकाळीबद्दल बोलतो आहे. तिचं वय, तिचा थकवा, तिच्या मागे त्याचा हात कोण धरणार ही तिची न बोललेली भीती.

तिसरी रेघ बदलली की खालचा अग्नी मेघगर्जनेत बदलतो आणि एकविसावी षड्रेखा मिळते. तिची प्रतिमा म्हणजे मिटू पाहणाऱ्या दोन जबड्यांमध्ये अडकलेली वस्तू. ती चावून तोडल्याशिवाय तोंड मिटत नाही. या जोडप्याच्या मध्ये काय अडकलं आहे ते ग्रंथ सांगत नाही, ते त्यांनाच ओळखावं लागेल. माझ्या वाचनात ते बँकेचं पासबुक, वारसाची नोंद आणि ‘आधी कोण जाणार’ हा कधीच न निघालेला विषय आहे. मुख्य वचनातल्या गायीशी जोडून मी तिला सुचवीन की आठवड्यातून एकदा तिने बँकेतलं एक काम स्वतः करावं, नवऱ्याला शेजारी बसवून, तो तोंडी सांगेल तसं. त्याच आठवड्यात त्याने पांढरी काठी घेऊन निदान कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने जायला शिकावं. हा सल्ला माझा, ग्रंथाचा नाही. वाचणाऱ्याने ही सीमा प्रत्येक वेळी उघडपणे सांगायला हवी.

आणि उत्तर आवडलं नाही म्हणून तिने उद्या पुन्हा नाणी टाकू नयेत. चौथ्या षड्रेखेत पहिल्या खेपेला उत्तर मिळतं, पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला मिळत नाही, असं बजावलेलं आहे. चार-सहा महिन्यांनी, बँकेची कामं तिच्या हाताला बसली आणि तो काठी घेऊन फिरायला लागला, म्हणजे परिस्थितीच बदललेली असेल. तेव्हा प्रश्न नवा ठरेल आणि नवा कौल घेता येईल.