हस्तलिखित टिपणाची प्रत

हस्तलिखित टिपणाचे छायाचित्र टंकलेखनासाठी आले, की शिक्षकाने प्रथम विचारावे : स्वच्छ प्रत हवी की सारांश? सारांश हवा असला, तरी आधी संपूर्ण वाचन निश्चित करावे. कारण चुकीने वाचलेला शब्द सारांशात दडून जातो. शिरोरेषा दिलेली नसल्यास ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांत गोंधळ होतो. ‘रवाना’ हा शब्द ‘खाना’ वाटतो. तेथे त्याच हातची इतर अक्षरे ताडून पाहावीत. अंकांचा उलगडा मात्र वाक्याच्या अर्थावरून होत नाही. ‘१२’ च्या खाली ‘१९’ आहे की ‘११’ असा संशय असून बेरीज ३१ लिहिली असेल, तर १९ हेच वाचन खरे. असा पुरावा नसल्यास चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालावे. अंदाजाने जागा भरू नये.