जमिनीचा तुकडा होत नाही, हिस्सा मात्र बुडत नाही

डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी शहराजवळच्या पिंपळे सौदागर गावची शेती गटागटाने तपासली. 1771 साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमारास सात एकरांवर आली होती. 156 खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले बहुतेक तुकडे एकराच्याही आतले होते. मान यांचे पुस्तक 1917 साली निघाले. मुंबई सरकारने 1927 मध्ये तुकडे रोखण्याचे विधेयक आणले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला विरोध केला. 1918 च्या आपल्या निबंधातच त्यांनी म्हटले होते की खरी अडचण जमिनीच्या आकाराची नसून शेतीवर अवलंबून राहिलेल्या जादा माणसांची आणि भांडवलाच्या टंचाईची आहे. अखेर कायदा झाला तो 1947 मध्ये. त्यालाच आपण तुकडेबंदी कायदा म्हणतो.

या कायद्याविषयी पुणे जिल्ह्यातल्या घराघरांत ज्या समजुती आहेत, त्यांतल्या काहींमुळे माणसांचे खरोखर नुकसान होते.

पहिली समजूत अशी की जमीन कमी असेल तर सगळ्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लागतच नाहीत. हे खरे नाही. वडील गेल्यावर होणारी वारस नोंद ही वाटणी नव्हे. तीन गुंठ्यांच्या गटावरही सहा वारसांची नावे सामाईक लागू शकतात. कायद्याला हरकत आहे ती जमीन प्रत्यक्ष फोडून वेगळे हिस्से पाडण्याला. मुलींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली म्हणजे त्यांना हिस्सा नाही, हाही असाच भ्रम आहे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलाइतकाच वाटा मिळाला. त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले.

दुसरी समजूत याहून घातक आहे: “तुकडा पडत नाही, म्हणून तुझा हिस्सा नाही.” धाकट्या भावाला किंवा बहिणीला हे वाक्य ऐकवले जाते आणि ते मुकाट सही करतात. कायदा नेमके याच्या उलट सांगतो. त्याच्या 8अअ या कलमानुसार, ज्याचा हिस्सा वेगळा काढला तर तुकडा पडतो, त्याला त्या हिश्शाची किंमत पैशांत मिळाली पाहिजे. ही किंमत भूसंपादनाच्या भरपाईसारखी, म्हणजे बाजारभाव धरून ठरवायची असते.

हे हिशेबाने पाहू. तुकडा कशाला म्हणायचे हे ‘प्रमाणभूत क्षेत्रा’वरून ठरते. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेपासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हे क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे आहे. पूर्वीची मर्यादा याहून मोठी होती. समजा, मुळशीतल्या एका शेतकऱ्याची तीस गुंठे जमीन आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. चौघांचे हिस्से सारखे मानू, म्हणजे प्रत्येकी साडेसात गुंठे. जमीन बागायत असेल तर दहा-दहा गुंठ्यांचे तीन भाग पडू शकतात. तिघांना जमीन मिळेल आणि चौथ्याला पैसे. जमीन घेणाऱ्या प्रत्येकाकडे हक्कापेक्षा अडीच गुंठे जास्त येतात. गुंठ्याचा भाव एक लाख धरला तर प्रत्येकाने अडीच लाख भरायचे. असे साडेसात लाख होतात आणि चौथ्याच्या हिश्शाची किंमतही तेवढीच.

हीच जमीन जिरायत असेल तर चित्र पालटते. वीस गुंठे काढून उरलेले दहा गुंठे तुकडाच ठरतात, त्यामुळे तीसही गुंठे एकाकडेच जाणार आणि त्याने बाकी तिघांना मिळून साडेबावीस लाख द्यायचे. विहिरीची आणि पिकांची नोंद सातबाऱ्यावर नीट आहे ना, हे वाटणीचा विषय काढण्याआधीच पाहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

जमीन कोणी घ्यायची हे घरच्यांनी आपसांत ठरवता येते. एकमत झाले नाही तर चिठ्ठ्या टाकून ठरते. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने ताबा घेण्याआधी रक्कम जमा करायची. त्याला जमले नाही तर ज्यांना जमीन मिळाली नव्हती त्यांच्यातून पुन्हा चिठ्ठी. कोणीच पैसे भरू शकले नाही तर त्या हिश्शाचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम जमीन न मिळालेल्यांत वाटली जाते. घराण्याची जमीन परक्याच्या हाती जाते ती इथे. शहरालगतचे भाव पाहता हातात रोकड नसलेल्या, पण शेत प्रत्यक्ष कसणाऱ्या भावाला हा धोका सर्वांत मोठा आहे. म्हणून कोर्टाची पायरी चढण्याआधी घरात ठरवलेले बरे. तुकडा पडणार नसेल तर पक्षकारांनी आपसांत ठरवलेली कुठलीही पद्धत मान्य करावी, असे हेच कलम म्हणते. पैसे हप्त्याने देणे, घर एकाला आणि शेत दुसऱ्याला देणे, असे मार्ग त्यात बसतात.

तिसरी समजूत: आपसांत कागद केला, बांध घातला, म्हणजे वाटणी झाली. महसूल कायद्याच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून सहहिस्सेदार वाटप करून घेऊ शकतात. पण मालकीचाच वाद निघाला तर दिवाणी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ते काम थांबते. तुकडा पाडणारी वाटणी तर रद्दबातलच ठरते. असा बांध वीस वर्षे विनातक्रार चालतो. मग एखादा भाऊ विकायला निघतो किंवा रस्त्यासाठी संपादनाची नोटीस येते, आणि आपापला म्हणून कसलेला भाग कागदावर अजून सगळ्यांचाच आहे हे तेव्हा कळते.

शेत एकत्र ठेवणारी कुटुंबे साधारण दोन वाटांनी जातात. एक हक्कसोडपत्राची. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आईवडील किंवा पती-पत्नी यांच्यातल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक पाचशे रुपये लागतो, पण ते नोंदणीकृत असावे लागते. नोटरीकडचा कागद चालत नाही. एकदा सही झाली की हक्क गेला, म्हणून बहिणीला रक्कम द्यायचे ठरले असेल तर ती बँकेतून द्यावी आणि दस्तात लिहावी.

दुसरी वाट जमीन सामाईक ठेवण्याची. सातबारा एकच राहतो, एक जण कसतो आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा इतरांना देतो किंवा दरवर्षी पाळी बदलते. ही व्यवस्था मोडते ती बहुधा खर्चावरून: मोटार कोणी दुरुस्त करायची, पाइपलाइनचे कर्ज कोणी फेडायचे. उत्पन्नाइतकीच खर्चाचीही वाटणी लिहून ठेवलेली घरे टिकतात. आणि एखाद्या वारसाने आपला अविभक्त हिस्सा बाहेर विकायचा ठरवलाच, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो विकत घेण्याचा पहिला अधिकार पहिल्या वर्गातल्या इतर वारसांचा असतो. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला.