पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विझत चालले आहे का? एक छोटी आकडेमोड

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा मुख्य भाग, म्हणजे उत्तर-दक्षिण द्विध्रुव, १८४० च्या सुमारापासून आजपर्यंत साधारण ९ टक्क्यांनी दुबळा झाला आहे. हे वाचल्यावर ‘पृथ्वीच्या पोटातला डायनॅमो बंद पडत असावा’ असे अनुमान पटकन काढले जाते. ते बरोबर आहे का, हे आपण एका सूत्राने तपासू.

आधी हे क्षेत्र येते कुठून ते पाहू. लोखंडाचे क्युरी तापमान ७७० अंश सेल्सिअस आहे. त्यावर लोखंड आपले चुंबकत्व टिकवू शकत नाही. पृथ्वीचा गाभा यापेक्षा कितीतरी तप्त आहे, म्हणून तेथे कायमचा चुंबक असणे शक्य नाही. मग उरते विद्युतधारा. सुमारे २८९० किलोमीटर खोलीपासून ५१५० किलोमीटरपर्यंत द्रवरूप लोखंड-निकेलचा बाह्य गाभा आहे. तो उत्तम वाहक आहे, आणि धारा तेथेच वाहतात.

आता समजा, या द्रवाची हालचाल आज अचानक थांबली. रोधामुळे धारा हळूहळू उष्णतेत विरतील. इंडक्टर व रोधाच्या सर्किटमध्ये L/R हा कालांक तुम्ही शिकला आहात. वाहक गोलासाठी द्विध्रुवाचा कालांक असा येतो:

τ = μ₀σR²/π²

गाभ्याची वाहकता σ सुमारे १०⁶ सीमेन्स प्रति मीटर आणि त्रिज्या R सुमारे ३.४८ × १०⁶ मीटर धरा. μ₀ चे मूल्य ४π × १०⁻⁷ आहे. उत्तर येते साधारण १.५ × १०¹² सेकंद, म्हणजेच सुमारे ४९ हजार वर्षे. वाहकतेचा अंदाज दुपटीने चुकला तरी उत्तर हजारो वर्षांच्याच घरात राहते.

या आकड्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, तीन अब्ज वर्षांहून जुन्या खडकांतही चुंबकीय क्षेत्राची नोंद सापडते. म्हणजे क्षेत्र सतत नव्याने निर्माण होत असले पाहिजे. दुसरा निष्कर्ष आपल्या मूळ प्रश्नाशी संबंधित आहे. त्याकडे वळण्यापूर्वी ही निर्मिती कशी होते ते समजून घेऊ.

स्वयं-उत्तेजित डीसी जनरेटर आठवा. फील्डमध्ये उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वात आर्मेचर फिरते, अल्प व्होल्टेज निर्माण होते, त्याची धारा फील्ड वाइंडिंगमध्ये जाते आणि चुंबकत्व वाढते. गाभ्यात वाइंडिंग नाही. तेथे वाहणारा द्रवच आर्मेचरचे आणि तारेचे काम करतो. द्रव क्षेत्ररेषांना आपल्याबरोबर ओढतो, ताणतो, पिळतो, आणि या ताणण्यातून क्षेत्र बळावते. द्रवाला गती मिळते ती गाभा थंड होत असल्यामुळे. आतल्या घन गाभ्यावर लोखंड गोठते, तेव्हा हलकी मूलद्रव्ये द्रवात मागे राहतात व वर चढतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे प्रवाह मळसूत्री वळण घेतात. हे वळण महत्त्वाचे आहे: अक्षाभोवती पूर्णपणे सममित असलेले क्षेत्र डायनॅमो टिकवू शकत नाही, हे काउलिंग यांनी १९३३ साली सिद्ध केले. क्षेत्र फार बळावले की चुंबकीय बल प्रवाहालाच विरोध करते, म्हणून ते अमर्याद वाढत नाही.

ही ओढाताण विरण्यावर मात करते का? त्यासाठी Rm = μ₀σUL हे गुणोत्तर पाहतात. प्रवाहाचा वेग U सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे वर्षाला १५-१६ किलोमीटर आहे. वेधशाळा व उपग्रह क्षेत्राचे जे बदल वर्षानुवर्षे नोंदवतात, त्यांवरून हा वेग काढला जातो. बाह्य गाभ्याची जाडी L सुमारे २२६० किलोमीटर घेतली, तर Rm सुमारे १४०० येतो. क्षेत्र टिकण्यासाठी तो साधारण काही दशके, म्हणजे ४०-५० च्या आसपास असावा लागतो. थोडक्यात, गती मंद वाटली तरी आकारमान प्रचंड असल्याने ती पुरते.

आता मूळ प्रश्न. डायनॅमो १८४० मध्येच पूर्ण बंद पडला असता, तर सुमारे १८० वर्षांत क्षेत्र किती घटले असते? १८० भागिले ४९,०००, म्हणजे ०.४ टक्क्यांहूनही कमी. प्रत्यक्षातली घट ९ टक्के, म्हणजे वीसपटीहून अधिक आहे. इतक्या वेगाने क्षेत्र आपोआप विरू शकत नाही. चालता प्रवाहच त्याची फेरमांडणी करतो आहे. दक्षिण अटलांटिकखाली, गाभ्याच्या पृष्ठभागावर, उलट दिशेच्या क्षेत्राचे पट्टे वाढताना दिसतात, आणि ते द्विध्रुवातून वजा होतात.

म्हणून ही घट डायनॅमो चालू असल्याचीच खूण आहे. मात्र ती पुढे थांबेल की ध्रुवांच्या अदलाबदलीपर्यंत जाईल, हे या आकडेमोडीतून सांगता येत नाही. अशी शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली होती.

सरावासाठी: चंद्राच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे ३५० किलोमीटर आणि वाहकता तीच धरून τ काढा. प्रवाह थांबल्यावर चंद्राचे क्षेत्र किती काळ टिकेल?