मागच्या रांगेतला आवाज मंचावरूनच का येतो?

लांबट सभागृहात गॅलरीखालच्या श्रोत्यांपर्यंत वक्त्याचा आवाज पुरेसा पोहोचत नाही, म्हणून तिथे छताला जादा स्पीकर लावतात. पण विद्युत संकेत तारेतून जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो आणि ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे 346 मीटर वेगाने चालत येतो. समजा, श्रोता मंचापासून 24 मीटरवर आणि छतावरच्या स्पीकरपासून 4 मीटरवर बसला आहे. मंचावरच्या आवाजाला त्याच्यापर्यंत यायला 69 मिलिसेकंद लागतात, छतावरच्या आवाजाला फक्त 12. स्पीकरचे शब्द 57 मिलिसेकंद आधी कानावर पडतात. डोळ्यांना वक्ता समोर दिसतो, पण बोलते ते डोक्यावरचे छत, आणि मंचावरचा खरा आवाज मागाहून प्रतिध्वनीसारखा येतो.

यावरचा उपाय कानाच्याच एका सवयीत आहे. एकच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला, तर माणसाला तो एकच ऐकू येतो आणि त्याची दिशा पहिल्या आवाजावरून ठरते. हाच प्रिसिडन्स इफेक्ट. जर्मनीत हेल्मुट हास यांनी 1949च्या प्रबंधात भाषणाच्या बाबतीत तो मोजला. आवाज 5 ते 30 मिलिसेकंद मागून येत असेल, तर तो पहिल्याइतका मोठा वाटण्यासाठी प्रत्यक्षात सुमारे 10 डेसिबल जास्त असावा लागतो, असे त्यांना आढळले. या तंत्राचा सारा आधार या सवलतीवर आहे: मागून येणारा स्पीकर मूळ आवाजापेक्षा मोठा असूनही दिशा मंचाचीच राहते.

वरच्या सभागृहात स्पीकरचा संकेत आधी 57 मिलिसेकंद रोखला की दोन्ही आवाज एकाच वेळी पोहोचतात. त्यावर आणखी 15 मिलिसेकंद जोडायचे. एकूण विलंब 72. आता मंचाचा आवाज दिशा सांगतो आणि 15 मिलिसेकंदांनी येणारा स्पीकर शब्द स्पष्ट करतो. आज हे काम डिजिटल यंत्र करते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यासाठी फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज नोंदवून तो थोड्या वेळाने वाचून घेत.

अडचण अशी की विलंब एक आणि खुर्च्या अनेक. मंचापासून 12 मीटरवरच्या, म्हणजे स्पीकरच्या 8 मीटर पुढच्या श्रोत्याला मंचाचा आवाज 35 मिलिसेकंदांत मिळतो. स्पीकरचा आवाज उलट दिशेने पसरत असेल, तर तो त्याच्याकडे 72 अधिक 23, म्हणजे 95 मिलिसेकंदांनी येतो. 60 मिलिसेकंदांचा हा फरक भाषणातही वेगळा प्रतिध्वनी म्हणून खटकू शकतो. म्हणूनच असा स्पीकर मागच्या रांगांकडे रोखलेला आणि अरुंद झोताचा असणे आकड्यांच्या अचूकतेइतकेच महत्त्वाचे ठरते. टाळी किंवा तबल्याच्या थापेसारख्या तुटक आवाजांत तर दुहेरीपणा आणखी कमी अंतरावर उघड होतो.

विलंब बरोबर बसला की नाही, हे मागच्या खुर्चीत बसून कळते. भाषण चालू असताना जादा स्पीकर बंद केला, तर आवाज दूर गेल्यासारखा आणि पुसट वाटावा. पुन्हा चालू केला, तर शब्द उजळावेत, पण मान वर वळू नये. ती वळलीच, तर स्पीकरचा आवाज कमी करायचा किंवा विलंब थोडा वाढवायचा.