एकट्या प्याद्याचा हिशेब

बुद्धिबळाच्या पटावर एक स्थिती इतक्या वेळा तयार होते की ती ओळखता आली नाही तर निम्मे डाव अंधारात खेळल्यासारखे होतात. पांढऱ्याचे एक प्यादे डी-४ वर, पटाच्या मध्यावर उभे असते. त्याच्या डावीकडच्या सी पट्टीतले आणि उजवीकडच्या ई पट्टीतले प्यादे मात्र अदलाबदलीत गेलेले असते. वजीर ज्या पट्टीत डाव सुरू करतो तिथलेच हे प्यादे, म्हणून त्याला वजिराचे एकटे प्यादे म्हणतात. शेजारी कोणी नसल्यामुळे त्याच्यावर हल्ला झाला की राखणीसाठी घोडा, हत्ती किंवा वजीर जुंपावा लागतो. शिवाय त्याच्या पुढचे डी-५ हे घर काळ्याला कायमचे मिळते, कारण तिथे बसलेल्या मोहऱ्याला हुसकवायला पांढऱ्याकडे प्यादेच नसते.

एवढे वाचल्यावर कोणीही म्हणेल, असे प्यादे मुळात घ्यावेच का? पण या प्याद्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. डी-४ वर उभे राहून ते ई-५ आणि सी-५ ही दोन घरे धरून ठेवते. ई-५ वर बसलेला पांढरा घोडा काळ्या राजाच्या अंगणात डोकावतो. शेजारची प्यादी गेल्यामुळे सी आणि ई या पट्ट्या हत्तींना मोकळ्या होतात आणि उंटांनाही वाटा मिळतात. जर्मनीचे डॉ. टाराश या प्याद्याचे मोठे कैवारी होते. निम्झोविच यांनी मात्र १९२५ च्या सुमारास ‘माय सिस्टिम’ लिहिताना त्याची उलटतपासणी केली आणि त्याच्या पुढचे घर अडवून धरण्यावर भर दिला. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. पटावर किती आणि कोणती मोहरी उरली आहेत, यावर कोणाचे कधी खरे ठरणार ते अवलंबून असते.

ढोबळ नियम सगळेच शिकवतात: प्यादे ज्याचे त्याने हल्ला करावा, समोरच्याने मोहऱ्यांची मारामारी करून डाव सोपा करावा. नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. कोणते मोहरे कोणत्या मोहऱ्यासाठी द्यायचे, हे तो सांगत नाही. ते समजून घ्यायला दोन डाव शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. दोन्हींत पांढऱ्याने जवळपास एकाच मार्गाने हे प्यादे स्वीकारले. एकात ते जिंकले, दुसऱ्यात हरले.

पहिला डाव १९३६ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्पर्धेतला. पांढरी मोहरी मिखाइल बोट्विनिक यांची, काळी स्लोव्हेनियाच्या मिलान विडमार यांची. (दोघेही पेशाने विद्युत अभियंते होते.) दहाव्या खेळीला पांढऱ्याच्या उंटाने सी-४ वरचे प्यादे परत घेतले आणि डी-४ चे प्यादे एकटे पडले. विडमार यांनी निम्झोविच सांगतात तसा डी-५ वर घोडा आणला. बोट्विनिक यांनी ई-५ वर घोडा ठेवला, वजीर डी-३ वर आणि हत्ती डी-१ वर. इथे विडमार यांनी घोडा डी-५ वरून उचलून बी-४ वर नेला आणि वजिरावर हल्ला केला. वजीर एच-३ वर गेला. त्याला तिथे जायचेच होते, कारण तिथून तो थेट एच-७ कडे बघतो. काळ्याची ही खेळी पांढऱ्याच्या उपयोगी पडली.

मग पहिली आणि एकुलती एक मारामारी झाली. काळ्याने पांढऱ्या घरांवर फिरणारा उंट डी-५ वर आणला, बोट्विनिक यांनी तो घोड्याने मारला आणि बी-४ चा घोडा पुन्हा डी-५ वर आला. काळ्याला डाव सोपा झाल्यासारखा वाटला असेल. पण ई-६ आणि एफ-७ ही घरे सांभाळणारा उंटच त्यात गेला होता. बी-३ वरचा पांढरा उंट, जी-५ वरचा दुसरा उंट आणि ई-५ वरचा घोडा, हल्ल्याला लागणारी तिन्ही मोहरी जागच्या जागी होती.

सतराव्या आणि अठराव्या खेळीला बोट्विनिक यांनी एफ पट्टीतले प्यादे दोनदा पुढे ढकलले. काळ्याने ते मारले, हत्तीने ते परत घेतले आणि एफ पट्टी उघडी झाली. काळ्याचा वजीर डी-६ वर आला तेव्हा विसाव्या खेळीला पांढऱ्या घोड्याने एफ-७ वरचे प्यादे मारले. हत्तीने घोडा मारला. त्यानंतर जे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. बोट्विनिक यांनी लगेच उंटाने एफ-६ वरचा घोडा मारला आणि काळ्या उंटाने तो उंट घेतल्यावर एफ-५ च्या हत्तीने डी-५ वरचा घोडाही मारला. वाट अडवणारा पहारेकरीच गेला. हत्ती बाजूला होताच एच-३ च्या वजिराला सी-८ वरचा हत्ती दिसू लागला, आणि डी-५ वरचा हत्ती हलला की मागच्या बी-३ च्या उंटाची मात्रा थेट एफ-७ वर लागू पडणार होती. चोविसाव्या खेळीला पांढरा हत्ती डी-७ वर आला आणि विडमार यांनी डाव सोडला. वजिराने हत्ती मारला असता तर पांढऱ्या वजिराने तो वजीर घेतला असता, आणि एफ-७ चा काळा हत्ती राजासमोर उंटाने बांधलेला असल्यामुळे उलट मारू शकला नसता. हल्ला करणाऱ्यानेही शेवटी मारामारीच केली, पण बचावाला उभी असलेली मोहरी उचलून काढण्यासाठी.

दुसरा डाव ४५ वर्षांनंतरचा. १९८१ मध्ये इटलीतल्या मेरानो येथे जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्यातल्या नवव्या डावात पांढऱ्याकडून व्हिक्टर कोर्चनॉय, काळ्याकडून अनातोली कार्पोव. दहाव्या खेळीला पुन्हा तेच प्यादे डी-४ वर. कार्पोव यांनी अकराव्या खेळीला घोडा एच-५ वर नेला. कडेला गेलेला घोडा सहसा वाईट समजतात, पण इथे तो दूर होताच ई-७ वरचा काळा उंट एच-४ वरच्या पांढऱ्या उंटासमोर आला आणि दोन्ही उंट पटावरून गेले. बोट्विनिक यांच्या डावात जी-५ वर बसून एफ-६ चा घोडा जखडणारा तो हाच उंट. तो गेल्यावर कार्पोव यांनी घोडा शांतपणे एफ-६ वर परत आणला.

सोळाव्या खेळीला कोर्चनॉय यांनी घोडा ई-४ वर आणला. माझ्या मते डाव इथे घसरला. प्यादे ज्याचे आहे त्यानेच मारामारीचे आमंत्रण दिले आणि एक घोड्यांची जोडी गेली. अठराव्या खेळीला ई-५ वरचा घोडा सी-६ वरच्या उंटासाठी खर्ची पडला. अठराव्या खेळीला विडमार यांच्या डावात हलक्या मोहऱ्यांची एकच जोडी गेली होती आणि पांढऱ्याचे प्यादे एफ-५ वर चढले होते. कार्पोव यांच्या डावात तीन जोड्या गेल्या होत्या, आणि हल्ला करायला पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि एक उंट उरला होता. एवढ्यावर काळ्या राजाला धक्का लागत नाही. डी-४ ला मात्र राखण लागतेच.

इथून पुढे कार्पोव काय टाळतात ते पाहावे. घोडा डी-५ वर बसला, कोर्चनॉय यांनी तो उंटाने मारला. ई-६ च्या प्याद्याने उंट परत घेतला असता तर डी-५ वर काळे प्यादे आले असते आणि पांढऱ्याच्या प्याद्याकडे जायची वाटच बंद झाली असती. कार्पोव यांनी हत्तीने मारले. आता दोघांकडे फक्त वजीर आणि दोन-दोन हत्ती. एकोणतिसाव्या खेळीला कोर्चनॉय यांनी सी-३ वर वजीर आणून वजिरांची अदलाबदल देऊ केली. ‘डाव सोपा करा’ हा नियम पाठ केलेला खेळाडू ती आनंदाने स्वीकारेल. कार्पोव यांनी वजीर डी-७ वर मागे घेतला आणि त्याला डी-५ व डी-८ वरच्या हत्तींबरोबर एकाच पट्टीत उभे केले.

वजीर गेले असते तर पांढरा राजा निर्धास्तपणे मध्यावर येऊन आपले प्यादे स्वतः राखू शकला असता. वजीर असताना त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून घोडे-उंट जावेत, हत्ती आणि वजीर राहावेत, असा हा हिशेब. शिवाय डी-४ चे प्यादे आता जागेवर बांधलेले होते आणि काळ्याला ई-५ ढकलून ते फोडायचे होते. ते थांबवायला कोर्चनॉय यांनी एफ पट्टीतले प्यादे एफ-४ वर नेले. नॉटिंगहॅमला याच खेळीने हल्ला सुरू झाला होता. इथे हल्ल्याला मोहरीच नव्हती, उघडा पडला तो पांढरा राजा.

पस्तिसाव्या खेळीला कार्पोव यांनी ई-५ ढकललेच. पांढऱ्याने ते प्यादे मारले, डी-५ च्या हत्तीने ते परत घेतले. तो हत्ती डी-४ च्या प्याद्याने मारला की डी पट्टी उघडते आणि डी-८ चा हत्ती डी-२ वरच्या पांढऱ्या हत्तीवर येऊन पडतो. तीन खेळ्यांत तसेच झाले. वीस-बावीस खेळ्या जपलेले प्यादे पटावर अडथळा उरले नाही आणि काळा हत्ती राजाच्या शेजारच्या आडव्या रांगेत शिरला. त्रेचाळिसाव्या खेळीला डी-५ वरून वजिराचा शह बसला आणि कोर्चनॉय यांनी डाव सोडला, कारण पुढच्या खेळीला डी-१ वर हत्ती येऊन वजीर जाणार होता. सी-५ आणि डी-५ वरून आलेले शेवटचे दोन्ही शह राजाला लागले, त्यातला पहिला तर एफ-२ चे प्यादे जागेवर नसल्यामुळेच. मोहरी कमी करत आलेल्या खेळाडूने डाव जिंकला तो राजावरच्या हल्ल्याने.

प्यादे ज्याच्याकडे आहे त्याला हल्ल्याखेरीज आणखी एक वाट असते: ते डी-५ वर ढकलून त्याची अदलाबदल करून टाकणे. त्यासाठी डी-५ वर आपल्या मोहऱ्यांची मात्रा काळ्याच्या राखणीपेक्षा जास्त हवी, म्हणून प्रत्येक खेळीला ते मोजत राहावे. काळ्याचा घोडा बी-४ वर किंवा कडेला गेला की मोजणी बदलते आणि संधी येते. काळ्याने पक्का पहारा बसवल्यावर ती जाते.

समोरच्याने सगळी मोहरी कमी केली म्हणजे जिंकलाच, असेही नाही. मॉस्कोला १९३५ मध्ये सालो फ्लोर यांनी कापाब्लांका यांना अशाच स्थितीत गाठले होते. वजीर आणि हत्ती गेलेले, कापाब्लांका यांच्याकडे डी-५ वर एकटे प्यादे आणि त्याच रंगाच्या घरांवर अडकलेला उंट, फ्लोर यांच्याकडे मोकळा घोडा. कापाब्लांका यांच्या राजाला आता वजिराची भीती नव्हती. त्याने प्यादे स्वतः राखले, दुसरीकडे कुठे कमजोरी होऊ दिली नाही, आणि डाव बरोबरीत सुटला.