बालसखी उत्तरेला गेली तेव्हा

मुंबईत यशस्वी झालेली योजना बिहारमध्येही यशस्वी होईल का? प्रश्न साधा आहे, पण गरिबीचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना त्याने बराच काळ सतावले आहे. त्याचे एक सविस्तर उत्तर आपल्याच दारातून निघालेल्या योजनेने दिले. तिचे नाव ‘बालसखी’.

मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ही योजना. तिसरी-चौथीत पोचूनही मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर न्यायचे आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने त्यांना अगदी पायापासून शिकवायचे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथील पालिका शाळांत तिची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा वाटल्या गेल्या. काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, उरलेल्यांत चौथीला. म्हणजे प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसऱ्या शाळेतला तसाच वर्ग मिळाला. मुलांचे गुण वाढले आणि मागे पडलेल्यांचे अधिक वाढले.

चिठ्ठीमुळे निवडीत कोणाची मर्जी चालत नाही, म्हणून फरक पडला तो योजनेमुळेच, असे खात्रीने म्हणता येते. मात्र ही खात्री त्या दोन शहरांपुरती. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे कितपत लागू पडतो, याला अभ्यासक ‘बाह्य वैधता’ म्हणतात, आणि तिच्याबद्दल चिठ्ठी मौन बाळगते.

हीच शिकवण्याची रीत पुढे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातील खेड्यांत गेली. तेथे गावातल्या तरुणांनी शाळेच्या वेळेबाहेर विनामोबदला वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती शिकली. पण आली शंभरातली जेमतेम आठ. नुसती गावाची सरासरी पाहणारा म्हणेल, रीत फसली. खरे तर फसली ती हजेरी. शहरात बालसखी शाळेतच असे, मूल आधीच तेथे बसलेले असे. योजनेच्या यशात या गोष्टीचा केवढा वाटा होता, हे जौनपूरला उमगले.

मग बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनाच तयार केले. २००८च्या उन्हाळी सुटीत त्यांनी वर्ग घेतले आणि मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे शिक्षकांना जमत नव्हते असे नाही. परंतु शाळा सुरू झाल्यावर नुसत्या प्रशिक्षणाने आणि पुस्तकांनी काहीच हाती लागले नाही. जोडीला स्वयंसेवक दिले तेथेच फरक दिसला. उत्तराखंडात स्वयंसेवक देऊनही दिसला नाही, कारण शाळांनी त्यांना नेहमीच्या अध्यापनाला जुंपले.

मला येथे बँकेतली परिपत्रके आठवतात. वरून नवी योजना आली की शाखेत नवी नोंदवही उघडली जाई. टेबलावरचे जुने काम आणि दिवसाचे तास मात्र तेवढेच राहत. नोंदवही भरे, योजना पुढे सरकत नसे. बिहारच्या शिक्षकाचेही असेच झाले. सुटीत त्याला फक्त मूल दिसत होते. जूननंतर पाठ्यपुस्तक पूर्ण करायचे होते.

हरियाणात २०१२-१३ मध्ये नेमकी हीच गाठ सोडवली गेली. वेळापत्रकात रोजचा एक तास राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून, वाचता येते किती त्याप्रमाणे गटांत बसत. देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस असे वर्ग घेतले होते. हिंदी वाचन सुधारले. वाढ माफक, पण सरकारी शिक्षकांकडूनच झालेली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात वेगळा मार्ग धरला. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने शाळेतच, शाळेच्या वेळात, काही दिवसांची शिबिरे घेतली आणि तेथील वाढ खूपच मोठी निघाली.

या प्रवासात टिकली ती एकच गोष्ट: मूल जेथे आहे तेथून शिकवणे. बालसखी हा तिचा मुंबईतला पोशाख होता. बाकी प्रत्येक मुक्कामी साखळीची वेगळी कडी तुटली. ती ओळखायला अंतिम परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. मुले येतात का, शिकवणाऱ्याला राखीव वेळ आहे का, गट खरोखर पडले का, हे पहिल्या महिन्यातच मोजता येते. ही तिन्ही उत्तरे होकारार्थी येऊनही वाचन सुधारले नाही, तरच शिकवण्याच्या रीतीवर शंका घ्यावी.

मुंबई ते हरियाणा या वाटेला दहा वर्षे लागली. हरियाणातली चाचणीदेखील अखेर काही ठरावीक शाळांतलीच होती. पुढच्या जिल्ह्यात तो एक तास कोण राखणार, हे तेथे जाऊनच विचारावे लागेल.