जर-तरचं इंग्रजी

बोलताना आपण ‘जर’ बहुधा गाळतोच. ‘पाऊस आला तर खेळ बंद’ एवढ्यावर भागतं, कारण अर्थाचा भार क्रियापदावर असतो. त्यामुळे इंग्रजी करताना ‘इफ’ लावण्याआधी क्रियापद काय सांगतंय ते पाहावं लागतं.

समजा, ग्राहकाला कळवायचं आहे : ‘माल शुक्रवारी आला तर आम्ही सोमवारी पाठवू.’ ‘आला’ दिसायला भूतकाळी आहे, पण माल अजून यायचाय. म्हणून इंग्रजीत साधा वर्तमानकाळ येतो : ‘इफ द गुड्स कम ऑन फ्रायडे, वुई विल शिप देम ऑन मंडे.’ ‘आला’ पाहून ‘केम’ आणि पुढे ‘वुड शिप’ लिहिलं, तर माल येण्याची फारशी आशा नाही असं ग्राहक समजेल. उलट, पुढची गोष्ट म्हणून ‘इफ द गुड्स विल कम’ लिहिणंही इथे चूकच.

खरी अडचण ‘असता, असती, असतं’ यांची. ही रूपं ‘प्रत्यक्षात तसं नाही’ एवढं सांगतात. कधीची गोष्ट, ते सांगत नाहीत. ‘माझ्याकडे गाडी असती तर मी आलो असतो’ हे उत्तर आज संध्याकाळच्या आमंत्रणालाही चालतं आणि गेल्या रविवारी का आला नाहीत, या प्रश्नालाही. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. आजची गोष्ट असेल तर : ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड कम.’ गेल्या रविवारची असेल तर : ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव कम.’ दोनदा आलेला ‘हॅड’ छपाईची चूक नव्हे. पहिला काळ मागे नेतो, दुसरा गाडी जवळ असण्याचा.

दोन्ही भागांचा काळ एकच असेल असंही नाही. ‘तेव्हा ते घर घेतलं असतं तर आज मी कर्जात असतो’ याचं इंग्रजी : ‘इफ आय हॅड बॉट दॅट हाउस देन, आय वुड बी इन डेट टुडे.’ प्रत्येक भागाचा काळ वेगळा तपासावा.

मराठीत ‘असतं’ दोन्ही भागांत येतं, म्हणून आपल्या हातून ‘वुड’ही दोन्हीकडे पडतो : ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव वेटेड.’ अमेरिकेत बोलण्यात हे ऐकू येतं, पण औपचारिक लेखनात चूक धरली जाते. ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबलो असतो’ याचं नीट रूप ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव वेटेड’. ‘वुड’ची जागा ‘तर’नंतरच्या भागात, ‘जर’च्या भागात ‘हॅड’.

तेव्हा लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. गोष्ट अजून घडू शकते का? घडू शकत नसेल, तर ती आजची की मागची?